एका शालीचे दोन रंग

स्टुडिओच्या मागच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून दिवसभर ऊन कधी थेट आत येत नाही. नुसता उजेड येतो, पाहुण्यासारखा, दारात चपला काढून. त्या उजेडाच्या कडेला एक टेबल आहे, टेबलावर मोठा पडदा, आणि पडद्यासमोर आत्या.

ती मालकाची आत्या. पण मालक रांगत होता तेव्हापासून तिला आत्या म्हणतो, म्हणून गिऱ्हाईकंही आत्या म्हणू लागली, चहावालाही म्हणू लागला, आणि वीजबिल घेऊन येणारा, ज्यानं तिच्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत, तोसुद्धा आत्याच म्हणतो. स्वतःचं नाव तिला बँकेत गेल्यावरच आठवायचं.

तिच्या भावानं हा स्टुडिओ काढला तेव्हा फोटो काळेपांढरे होते. आत्या बारीक ब्रश घेऊन त्यांत रंग भरायची. कुणाच्या गालावर किती लाली चढवायची, कुणाच्या कोटाला कुठला तपकिरी द्यायचा, हे ती ठरवायची आणि माणसं मुकाट मान्य करायची. मग रंगीत फिल्म आली. लोक म्हणाले, आता आत्याचं काम संपलं. आत्या अंधाऱ्या खोलीत शिरली आणि छपाईचा रंग जुळवायला शिकली. मग संगणक आला. लोक पुन्हा म्हणाले, आता मात्र संपलं. आत्यानं चष्मा पुसला आणि माऊस हातात घेतला. "संपलं संपलं म्हणणारेच संपत आले," ती म्हणायची, "मी आहे."

अंधाऱ्या खोलीनं तिला एक सवय लावली होती. तिथे भिंगातून फोटोचे कण बघायचे असत, एक डोळा मिटून. ती सवय हाडात मुरली. आजही रंग पारखायचा झाला की आत्या एक डोळा मिटते, मान जराशी तिरकी करते, आणि मग बोलते. ती बोलली की निकाल लागला. भाऊ होता तोवर असं होतं, आणि भाऊ गेल्यावर भाच्यानं दुकान हातात घेतलं तेव्हाही तसंच.

या वर्षी आत्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.

पट्टी सुटली त्या दिवशी ती दवाखान्याच्या भिंतीकडे बघतच राहिली. पांढरं इतकं पांढरं असतं हे ती विसरून गेली होती. आकाश तर कुणी नुकतंच घासून वाळत घातल्यासारखं. मग तिनं, सवयीनं, उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. तीच भिंत, पण चहात बुडवलेल्या पावासारखी. उजवा उघडला, निळसर पांढरी. डावा, पिवळट. उजवा, डावा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अहो, कुणाला डोळा मारताय?"

आत्या हसली, पण लगेच मनात आलं, इतकी वर्षं आपण ज्याला खरा रंग म्हणत आलो तो या चहातला होता की काय?

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते की असं होतंच, दुसऱ्या डोळ्याचं झालं की बरोबर होईल. पण दुसऱ्याला अजून अवकाश होता आणि घरात एक वारं फिरत होतं. शहरात म्हणे काही लोक होते. फोटो पाठवायचे, ते रंग जुळवून परत पाठवतात, पटापट. भाचा दोनदा त्यांचा विषय काढून गप्प बसला होता. आत्यानं ओळखलं. माणूस विषय काढून गप्प बसतो तेव्हा तो विषय सोडत नसतो, त्याला पाणी घालत असतो.

अशात पन्नाशीचं काम आलं. गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. त्यांच्या लेकीनं बागेत आणि बागेला लागून असलेल्या दालनात माणसं जमवली. फोटो काढायला भाचा आणि भाचेसून दोघं गेले. दोघांचे कॅमेरे वेगळे, वेगळ्या कंपन्यांचे, आणि दोघांचे स्वभाव कॅमेऱ्यांहून वेगळे.

परत आल्यावर मागच्या खोलीत नेहमीचं सुरू झालं.

"तुझ्या कॅमेऱ्यात सगळ्यांना कावीळ झालीय," भाचेसून म्हणाली.

"आणि तुझ्यात सगळे थंडीनं काकडलेत. भर उन्हात."

"त्वचा गुलाबी असते माणसाची."

"माणसाची. डुकराच्या पिल्लाची नाही."

"आत्या, बघा हो याला."

"मी दोघांनाही बघतेय," आत्या म्हणाली. "पन्नास वर्षं झाली की तुमचाही फोटो काढू. तोवर दोघं इथून निघा."

तिनं कामाला हात घातला. पहिलं काम घड्याळाचं. दोन्ही कॅमेऱ्यांतली घड्याळं कधीच एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं बायकोच्या खांद्यावर शाल टाकली तो क्षण दोघांनीही टिपला होता. त्या दोन फोटोंवरच्या वेळा तिनं ताडून पाहिल्या, तर भाच्याचं घड्याळ तासभर मागे. तसंच ठेवलं असतं तर वेळेनं रचताना दालनातली माणसं बागेतल्या माणसांत मिसळली असती आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागला असता. तिनं त्याच्या सगळ्या फोटोंची वेळ पुढे सरकवली. मग उजेडाप्रमाणे ढीग केले. बागेतलं ऊन एक, दालनातल्या दिव्यांचं दुसरं. शेकडो फोटो कुणी एकेक करून रंगवत नाही. प्रत्येक ढिगातला प्रत्येक कॅमेऱ्याचा एक फोटो नीट जमवायचा आणि तोच साज त्या ढिगातल्या त्या कॅमेऱ्याच्या बाकी सगळ्यांवर चढवायचा. एक शीत शिजलेलं पाहिलं की भाताचं पातेलं उतरवावं तसं.

पण ते शीत नीट बघायला हवं. आणि इथेच आत्या चुकली.

एरवी ती दोन कॅमेऱ्यांचे दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी ठेवायची. या वेळी ठेवले नाहीत. नव्या डोळ्याचं तेज तिच्या अंगात आलं होतं. सकाळी तिनं डावा डोळा मिटला आणि नव्या उजव्यानं भाच्याचे सगळे फोटो जमवून टाकले. दुपारी उजव्यात औषधाचे थेंब घातले, डोळा पाणावला, धुरकट झाला. मग तो मिटून डाव्यानं भाचेसुनेचे फोटो जमवले. दोन्ही वेळा तिला वाटलं, वा, असा सुरेख रंग कितीतरी दिवसांत जमला नव्हता.

संध्याकाळी छापलेली नमुन्याची पानं पुढच्या टेबलावर मांडली तेव्हा भाचा एकदा डाव्या, एकदा उजव्या पानाकडे बघू लागला.

डाव्या पानावर, त्याच्या कॅमेऱ्यातून, त्या जोडप्यातल्या आजी पिवळ्या होत्या आणि त्यांची शाल जांभळट तपकिरी. उजव्या पानावर, भाचेसुनेच्या कॅमेऱ्यातून, आजी निळसर होत्या आणि शाल भर आकाशाची. एकच बाई, एकच शाल, एकच क्षण. पण जणू म्हाताऱ्यानं दोन लग्नं केली होती आणि दोन्ही बायका एकाच पंगतीला बसवल्या होत्या.

"आधी होतं त्यापेक्षा जास्त लांब गेलेत," भाचा हळूच म्हणाला. त्यानं माऊस हातात घेतला. "हिच्या फोटोंना उजेडाचा जो आकडा आहे तोच माझ्या फोटोंना लावतो. आकडा एक, रंग एक." लावला. सगळी माणसं गवतासारखी हिरवट झाली.

"तिच्या चपलेचं माप तुझ्या पायाला कसं बसेल?" आत्या म्हणाली. "तोच आकडा प्रत्येक कॅमेरा आपापल्या परीनं वाचतो." एवढं तरी तिचं बरोबर होतं. पण आवाजात रोजची धार नव्हती.

भाच्यानं पानं गोळा केली. "उद्या संध्याकाळी पानं छपाईला जायला हवीत. दुपारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर शहरात पाठवू." थोडा थांबून म्हणाला, "आणि मग नेहमीसाठीच तसं करू, आत्या. तुम्हालाही विश्रांती."

विश्रांती हा शब्द आत्यानं आयुष्यात कुणाच्या बाबतीत चांगला ऐकला नव्हता.

सकाळी ती आली तेव्हा भाचेसून आधीच मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. पुढ्यात चहाचे दोन पेले.

"आत्या, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवते."

"काल सकाळी मी डोकावले तेव्हा तुमचा डावा डोळा मिटलेला होता. दुपारी आले तेव्हा उजवा. असं का?"

आत्यानं पेला उचलला, परत ठेवला. मग तिनं सांगितलं. दवाखान्याची भिंत, चहातला पाव, निळसर पांढरं, सगळं. सांगताना मान ताठ होती, पण हात पदराला पीळ देत होते.

भाचेसून हसली नाही, हळहळली पण नाही. तिनं आपल्या आणि नवऱ्याच्या फोटोंची जोडी पडद्यावर काढली.

"म्हणजे जुना डोळा पिवळं दाखवतो, म्हणून तुम्ही माझ्या फोटोंत निळं वाढवत गेलात. नवा निळं दाखवतो, म्हणून याच्यात पिवळं वाढवलंत. एकाला उत्तरेला ढकललंत, एकाला दक्षिणेला. यात रंगाचा काय दोष?"

आत्यानं विचार केला. अगदी तसंच झालं होतं. चूक होती, पण वेडी चूक नव्हती. तिला वाट होती, आली तशी परत जाण्याची.

"मग आज डोळ्यानं ठरवूच नका," भाचेसून म्हणाली. "आकड्यांनी ठरवा. मी रंग जुळवायचं ते करडं कार्ड धरून फोटो काढलेत, तुम्हाला ठाऊक आहे ना? प्रत्येक उजेडात एक."

"आकड्यांनी रंग करायचा तर किराणा दुकानात बसते की. वजन करून देते, पाव किलो निळा."

"बसा. पण आज दुपारपर्यंत इथे बसा."

आत्याला हसू फुटलं. पोर तोंडाला तोंड देणारी होती, आणि आत्याला वाकडी उत्तरं देणारी माणसं मनापासून आवडायची.

दालनातलं काम सोपं निघालं. भाचेसुनेनं नवऱ्याच्या पुढ्यातही ते करडं कार्ड नाचवलं होतं आणि त्यानं वैतागून एक फोटो काढला होता. फोटोत ती कार्डाच्या कडेवरून जीभ काढून दाखवत होती. करड्यावर तांबडा, हिरवा आणि निळा, तिन्ही रंगांचे संगणकातले आकडे सारखे यायला हवेत. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोंत आत्यानं ते सारखे करून घेतले, मग भाच्याचा फोटो थोडा काळोखा होता तो उजळून करडं तितकंच उजळ केलं. मग ते साज आपापल्या ढिगावर चढवले. दालन जुळलं. भिंती एका रंगाच्या झाल्या, कपाळं एका रक्ताची झाली.

बाग मात्र अडली. तिथे भाच्याकडे कार्डाचा फोटो नव्हता. कार्ड दाखवलं तेव्हा साहेब झाडावर चढून वरून फोटो घ्यायला गेले होते.

"टेबलावरचं कापड पांढरं आहे ना," भाचेसून म्हणाली. "त्यावरून जुळवा."

"ते नको. कपड्याला नीळ आणि चकाकीची पूड लावलेली असते. उन्हात तसलं कापड निळं पेटतं. त्याला पांढरं मानलं तर बाकी सगळ्यांना पिवळं व्हावं लागेल." आत्या पडद्याजवळ झुकली. या वेळी एकही डोळा मिटला नव्हता. "ती पायरी बघ. दगडाची."

दालनात शिरायच्या तीन दगडी पायऱ्या होत्या. दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोंत त्या एकाच उन्हात दिसत होत्या.

"पण दगड खरंच करडा आहे का, कुणास ठाऊक," भाचेसून म्हणाली. "थोडा पिवळटही असेल."

आत्या पुन्हा पडद्याकडे वळली. काहीतरी तिच्या मनात हळूच सरकून जागेवर बसलं, जुन्या दाराची कडी बसते तसं.

"असू दे की पिवळट. तो खरा कसा आहे हे आपल्याला कुठे ठरवायचंय? तुझ्या बागेच्या फोटोंना कार्ड आहे, ते आधी नीट करू. त्यांत दगडाचे जे आकडे येतील तेच याच्या फोटोत आणू. दगड तोच, ऊन तेच. मग आकडे वेगळे असायला कारणच नाही."

तसं केलं. भाच्याच्या बागेवरचा पिवळा पडदा सरकला. आजोबांचं कपाळ दोन्हीकडे एकाच उन्हानं तापलेलं दिसायला लागलं. मग भाचेसून शालीकडे वाकली, आत्याही वाकली. दोघींनाही ते दिसलं होतं.

शाल जुळत नव्हती. सगळं जुळलं, गवत, माणसं, खुर्च्या, आणि शाल मात्र एका फोटोत निळी, दुसऱ्यात जांभळट.

"हा कॅमेऱ्यांचाच हट्ट," आत्या म्हणाली. "काही रंग एकाला असे दिसतात, दुसऱ्याला तसे. पांढरं जुळलं म्हणून सगळं जुळत नाही. याच्या फोटोंतला तेवढा एक रंग वेगळा ओढून आणावा लागेल."

"कुणाकडे ओढायचा? शाल खरी कशी आहे?"

कालपर्यंत आत्यानं लगेच उत्तर दिलं असतं. आज तिनं फोन भाचेसुनेकडे सरकवला.

भाचेसुनेनं म्हाताऱ्यांच्या लेकीला फोन लावला. लेक कामावर होती, पण घर जवळ होतं, आणि थोड्या वेळात म्हातारा म्हातारी दोघंही पायी हजर झाले. आजींनी शाल पिशवीत नाही, अंगावरच आणली होती.

"कुठल्या रंगाची म्हणता तुम्ही ही?" आत्यानं विचारलं.

"जांभळी," आजी म्हणाल्या.

"निळी," आजोबा म्हणाले.

"मी विणलीय. मला माहीत नाही?"

"मी लोकर आणली. दुकानदाराला निळी सांगितली होती."

"निळी सांगितली आणि जांभळी आणली, हेच तर मी इतकी वर्षं सांगतेय."

भाचा आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं त्याच्याकडे, आणि दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

आत्यानं शाल मागून घेतली आणि खिडकीपाशी नेली. उजव्या डोळ्याला ती निळी, थंड. डाव्याला जांभळट, थोडी धुळकट. दोन डोळे आणि दोन म्हातारे, चौघांची मतं दोन. त्यात पाचवं मत घालण्यात काही अर्थ नव्हता.

तिनं बागेतल्या दोन्ही फोटोंचे छोटे नमुने छापून घेतले. भाचेसुनेचा नमुना शालीवर ठेवला आणि आधी उजव्या डोळ्यानं पाहिला. कागद निळा, शाल निळी, दोन्ही सारखे. डाव्यानं पाहिला. कागद जांभळट, शाल जांभळट, दोन्ही सारखे. मग भाच्याचा ठेवला. उजव्या डोळ्यालाही वेगळा, डाव्यालाही वेगळा.

तिनं दोन्ही नमुने पुन्हा एकदा शालीवर ठेवून पाहिले. खिडकीतला उजेड कागदावर पडला होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

"काय झालं?" भाच्यानं विचारलं.

"अरे, मला वाटत होतं माझे डोळे आता भांडतायत, म्हणून कामातून गेले. पण जे सारखं आहे ते दोघांनाही सारखंच दिसतंय. जे वेगळं आहे ते दोघांनाही वेगळं. रंग कुठला यावर त्यांचं जमत नाही. जुळलाय की नाही यावर जमतंय." मग तिनं डोळ्यांचं सगळं त्यालाही सांगून टाकलं, दारात उभ्या असलेल्याला, आजी-आजोबांच्या देखत.

भाचा थोडा वेळ चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. "आधी का नाही सांगितलंत?"

"तू शहराचा विषय काढून गप्प का बसायचास?"

त्यानं खुर्ची ओढून दिली. "बसा. किती राहिलंय?"

राहिलं थोडंच होतं. भाच्याच्या फोटोंतला तो एक जांभळा आत्यानं किंचित निळ्याकडे वळवला, नमुना छापला, शालीवर ठेवला, उजवा, डावा. अजून नाही. पुन्हा वळवला. मध्येच भाचेसुनेनं बोट दाखवलं, एका पाहुणीच्या हातातली जांभळी फुलंही निळी होत चालली होती. आत्यानं हात आवरला, वळवणं थोडं कमी केलं. तिसऱ्या खेपेला कागद शालीत असा मिसळला की त्याची पांढरी कड नसती तर शोधावा लागला असता. तोच साज बागेच्या त्याच्या सगळ्या फोटोंवर चढला. दालनातल्या फोटोंत शाल परत तपासावी लागली, तिथे रंग कमी वळवावा लागला.

दुपारी पुढच्या टेबलावर पानं मांडली. डाव्या पानावर आजी, उजव्या पानावर आजी. एकच बाई होती.

आजोबा चष्मा वर करून वाकले. "बघ. निळी."

आजी त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. "जांभळी आहे. दोन्ही पानांवर जांभळी आहे."

"दोन्ही पानांवर निळी आहे."

"म्हणजे काम झालं," आत्या म्हणाली.

आजींनी शाल परत पांघरली. जाताना आजोबा दारात थांबून भाच्याला म्हणाले, "तुमच्या आत्यांना सांभाळा हो. माझ्या बाजूनं बोलल्या नाहीत, तिच्याही नाहीत. असं माणूस घरात लागतं."

भाचा पानं गुंडाळत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "पुढच्या वेळी बागेतही कार्डाचा फोटो घेईन."

"झाडावरून उतरून?" बायकोनं विचारलं.

"झाडावरूनच घेईन. तू वर ये कार्ड घेऊन." मग आत्याकडे वळून, "दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची आहे? मी येतो बरोबर."

आत्यानं उत्तर द्यायच्या आधी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरावरचा पत्रा उजव्या डोळ्याला रुपेरी दिसत होता, डाव्याला जुन्या पितळेचा. दोन्ही चांगले दिसत होते.

"पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "पण त्या आठवड्यात काम घेऊ नका. आणि हे पान एक जास्तीचं छाप. पट्टी सुटली की आधी हेच बघणार आहे, मला कळू दे ही बया शाल आहे तरी कुठल्या रंगाची."